अमुदानं कमावलेला आवाज

अमुदा ही माझी पाठची बहीण. भाऊ नाही, बहीण. हे आधी सांगतो, कारण याच्यावरून तमिळनाडूतल्या आमच्या तूतुकुडी बंदरात मी सात जणांची हाडं मोडलीत. आठव्याचं मोडायला गेलो तेव्हा तिनंच हात धरला. बंदरात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून पळत जाणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे हा सुडलैमुत्तु. पण माझ्यापेक्षा भारी काम तिनं केलंय. मी पाचवी नापास आहे, मला जमेल तसं सांगतो.

अमुदा जन्मली तेव्हा बापानं पेढे वाटले, दुसरा मुलगा झाला म्हणून. पंधराव्या वर्षी त्याच बापानं तिला आईच्या साडीत पाहिलं आणि होडीच्या दोरखंडानं फोडून काढलं. दोरखंड ओला होता. ओला दोर कातडी सोलतो. तिच्या पाठीवर आजही चार वळ आहेत. मी मधे पडलो, बापाचा अंगठा उलटा वळवला. त्याला नंतर कधी नीट गाठ मारता आली नाही. पण तोवर ती पळाली होती, मरगदम अम्माकडे. मरगदम अम्मा आमच्याकडच्या तिरुनंगैंची, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेल्या बायांची, म्होरकी. घरातून हाकललेल्या अशा पोरींना ती आपल्या लेकी मानते, जेवू घालते, नाव देते. अमुदाला तिनंच साडी नेसायला शिकवलं, खांद्यावर पदर असा टाकायला शिकवलं की रुंद खांदा उतरता दिसावा.

दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कातडी मऊ झाली, छाती भरली, चेहऱ्याला गोलवा आला. हनुवटीचे केस लेझरनं जाळले, दर महिन्याला भाजून घेतल्यासारखा चेहरा लाल व्हायचा. बाविसाव्या वर्षी ती बाजारातून चालली की बाया सरकून जागा द्यायच्या. पण तोंड उघडलं की संपलं. गोळ्या सगळं बदलतात, आवाज नाही बदलत. एकदा फुटलेला आवाज गोळीनं परत जात नाही.

एकदा ती रेशनच्या रांगेत होती. बायांच्या रांगेत. मागची बाई तिच्याशी सुनेची गाऱ्हाणी करत होती, अगदी पदराला हात लावून. अमुदा अर्धा तास नुसती मान हलवत होती. आत पोचल्यावर दुकानदारानं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मागची बाई अशी दचकली की हातातली पिशवी पडली. मग बाप्यांच्या रांगेतला एक गडी ओरडला, "एले! बाप्या बायांत घुसलाय, पकडा!" तिला केसांना धरून बाहेर ओढलं. तिघांनी लाथा घातल्या. एक फासळी गेली.

मी दुसऱ्या दिवशी त्या गड्याला मिठागरात गाठलं. मिठाच्या ढिगात तोंड खुपसून धरलं. डोळ्यांत मीठ गेल्यावर माणूस कसा ओरडतो ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मग दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याचे दोन दात. रुबाबात अम्माच्या घरी गेलो. वाटलं, बहीण खूश होईल.

ती म्हणाली, "अण्णा, एका रांगेला ठाऊक होतं. आता अख्ख्या गावाला ठाऊक झालं."

"मग काय करू? आरती ओवाळू त्यांची?"

"मला तुझ्या मुठीनं बाई नाही व्हायचं. समोरच्यानं आपणहून 'अक्का' म्हणावं. मार खायच्या भीतीनं नाही, ऐकून."

तेव्हापासून तिनं आवाजाला हात घातला. आणि पहिल्यांदा चुकली. सिनेमातल्या नायिका बोलतात तसं टिपेला जाऊन, नाकातून, चिमणीसारखं. दिवसभर तसं बोलायची. पाच मिनिटांनी आवाज फाटायचा आणि खालचा बाहेर पडायचा. मरगदम अम्मा हसायची, "अगं, मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय का?" तिसऱ्या महिन्यात थुंकीत रक्त आलं. मी म्हटलं, बस झालं. ती म्हणाली, बस नाही, शिकायला हवं.

तिरुनेलवेलीच्या एका दवाखान्यात ज्ञानसेल्वी मॅडम आहेत. पक्षाघात झालेल्यांना बोलायला शिकवतात, तोतऱ्या पोरांना शिकवतात. बाई पाच फूट उंच, पण माझ्यासारख्याला एका नजरेत खुर्चीत बसवते. मी सोबत गेलो होतो. गेल्या गेल्या अमुदानं विचारलं, "ऑपरेशन करून होईल का?"

"होतं," मॅडम म्हणाल्या. "तारेला ताण दिल्यासारखा सूर वर जातो. पण नुसता सूरच. घशाची पोकळी तीच राहते, बोलायची ढब तीच राहते. काहींचा आवाज कायमचा बारीक पडतो, मोठ्यानं हाक मारता येत नाही. आधी शिकून बघ. वर्ष जाईल. दीड वर्षही जाईल."

"आणि मग बाईचा आवाज येईल?"

"तुझा येईल. जरा सावळा, भरीव. सिनेमातल्या पोरीचा नाही. फोनवर दहातले आठ जण तुला बाई म्हणतील. दोघं नाही म्हणणार. सर्दीत, झोपेतून उठल्यावर, खोकताना, रागात, भीतीत जुना आवाज डोकावणार. खोटं आश्वासन मी देत नाही."

मला ती बाई आवडली. आमच्या ठेकेदारापेक्षा सरळ.

मग मॅडमनी टेबलावर घागर आणि वाटी ठेवली. घागरीत तोंड घालून "आ" म्हण म्हणाल्या. घुमलं. वाटीत म्हण म्हणाल्या. किणकिणलं. सूर तोच होता. "लोक सुरावरून बाई-बाप्या ठरवत नाहीत," त्या म्हणाल्या, "पोकळीवरून ठरवतात. तू सूर वर नेलास, पण घागर तीच ठेवलीस. म्हणून लोकांना बाप्या चिमणीची नक्कल करतोय असं वाटतं."

घागरीची वाटी कशी करायची? मॅडमनी तिला घास गिळायला लावला आणि गळ्यावर बोट ठेवायला सांगितलं. गिळताना गळ्यातलं हाड वर जातं. ते वर गेल्याची जाणीव धरायची, पण आवळायचं नाही. कुत्रं धापा टाकतं तसं आधी मोठ्या कुत्र्यासारखं, मग छोट्या पिल्लासारखं, आवाज न काढता. पिल्लाच्या धापेत घसा आपोआप लहान होतो. तिथंच हळू "ई" काढायचा. मग पेल्यात चार बोटं पाणी, त्यात नळी, नळीतून हुंकारत बुडबुडे काढायचे. यानं घशावर ताण न येता सूर वर-खाली होतो. मग जाडी. जाड आवाज म्हणजे जोर लावून दाबलेला आवाज. जोर सोडायचा, श्वास जरा मिसळायचा, पण कुजबुज करायची नाही, कुजबुजीनं घसा जास्त सुकतो. आणि सगळ्यात शेवटी चाल. बाप्या एका पट्टीवर शब्द आपटतो. बाई शब्दाला झोका देते.

"दुखलं की थांबायचं," मॅडमनी दटावलं. "दहा मिनिटं, दिवसातून सहा वेळा. एक तास सलग नाही."

चौदा महिने. मी साक्षी आहे. पहाटे मिठागराच्या बांधावर ती बुडबुडे काढायची, सत्तर पोत्यांचा माझा दिवस सुरू व्हायच्या आधी. बसच्या पाट्या वाचायची, भाजीचे भाव वाचायची. मोबाईलवर आपला आवाज भरायची, ऐकायची आणि रडायची. मोबाईलवर सूर किती वर आहे त्याचा आकडाही दिसायचा. आधी एकशे दहा. मग दीडशे. मग एकशे ऐंशीवर टिकू लागला. मला वाटलं, आकडा झाला म्हणजे झालं. मॅडम म्हणाल्या, आकडा विसर. खरं म्हणजे सहाव्या महिन्यात एक आठवडा काहीच पुढं गेलं नाही, तेव्हा तिनं नळी फेकली, पेला भिंतीवर फोडला, स्वतःच्या गळ्यावर नखं ओढली. रक्ताचे चार ओरखडे. मी तिचे दोन्ही हात पाठीमागं धरून बसलो, ती लाथा मारत होती आणि जुन्या आवाजात किंचाळत होती, "हा काढून टाक! हा बापाचा आवाज आहे, काढ!"

तिच्या गळ्यात बाप राहत होता. त्याला मी काय मारणार?

चौदाव्या महिन्यात इसक्कीराजाच्या ट्रॅव्हल्समध्ये जागा निघाली. चेन्नै, कोइम्बतूरला जाणाऱ्या गाड्यांचं फोनवर बुकिंग घ्यायचं. इसक्कीराजाला सगळं ठाऊक होतं. म्हणाला, "मला काही नाही त्याचं. पण फोनवर गिऱ्हाईक बिचकलं तर धंदा जातो. एक महिना बघतो. तक्रार आली तर घरी."

पहिला फोन तिरुच्चीचा होता. म्हातारा होता. नाव लिहून घेतलं, सीट दिली. शेवटी तो म्हणाला, "थँक्स अक्का, देव तुझं भलं करो." तिनं फोन ठेवला आणि टेबलाखाली वाकली, पेन शोधत असल्यासारखी. दहा मिनिटं वर आली नाही. इसक्कीराजानं मला नंतर सांगितलं, पेन टेबलावरच होतं.

तेवीस दिवस. तेवीस दिवसांत दोन वेळा "सर" आलं, दोन्ही वेळा सकाळी, घसा गरम व्हायच्या आधी. बाकी सगळे अक्का, मॅडम, ताई. ती नव्या साड्यांना पिना लावून, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळून जायची. हात मोठे आहेत, ते लपवायचं तिनं सोडलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, लपवलेला हात जास्त दिसतो.

आता चूक सांगतो. तिचीच चूक.

या गाड्यांत अनोळखी बाई आणि अनोळखी बाप्या शेजारी बसवत नाहीत. म्हणून फोनवर नाव घेताना विचारायचं असतं, बाई की पुरुष? इसक्कीराजानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अमुदानं एकदाही विचारलं नाही. याच प्रश्नानं तिला रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, शाळेत सोललं होतं. ती म्हणायची, "मला कशाला विचारायला हवं? आवाज ऐकला की कळतं." आणि खरं सांगतो, कळायचं. चौदा महिने आवाज चिरून बघितलेले कान होते ते. मीही बंदरात फुशारकी मारायचो, माझी बहीण श्वास ऐकून माणूस सांगते.

चोविसाव्या दिवशी फोन आला. "आरोक्यम. चेन्नै. आज रात्रीची एक सीट." हे नाव आमच्याकडे बाईचंही असतं, बाप्याचंही. आवाज जाड, सपाट, घागरीचा. अमुदानं पुरुष लिहिलं आणि शेजारी एका ठेकेदाराला बसवलं.

आरोक्यम बाई होती. वीस वर्षं मासळीच्या लिलावात बोली ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता. ठेकेदार प्यालेला होता. वाटेत त्यानं हात टाकला. तिनं त्याचं नाक फोडलं आणि मधल्याच गावात उतरून, रात्रभर स्टँडवर बसून राहिली. परत आल्यावर तिच्या दोन भावांना कळलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आले. थोरला अंदोणी, धाकटा पाठीमागं. दोघांच्या लुंगीत कोयते.

मी तिथं होतो, योगायोगानं नाही, रोज चारला बहिणीला चहा न्यायचो. अंदोणीनं काचेचा दरवाजा लाथेनं फोडला. "आमच्या बहिणीला बाप्याशेजारी झोपवणारी कोण ती?"

इसक्कीराजा हात जोडून पुढं झाला. धाकट्यानं कोयत्याची मागची बाजू त्याच्या कानशिलात हाणली. इसक्कीराजा टेबलावर आदळला, कानातून रक्त. मी अंदोणीच्या मनगटावर पकड घातली, कोयता खाली पडला, त्याच्या नाकावर डोकं मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. जिंकलोच होतो. पण पाठीमागून धाकट्यानं वार केला. खांद्यात बसला. मला आधी गरम वाटलं, मग हात लोंबकळला. दुसरा वार मानेवर यायचा होता, मी काचांत पालथा पडलो होतो आणि तो कोयता वर उचलत होता.

अमुदाजवळ माईक होता, गाड्यांची घोषणा करायचा. बाहेर स्टँडवर हमाल, ड्रायव्हर, पन्नास माणसं. हाक मारली की धावतील. पण हाक हेच तिला अजून येत नव्हतं. मॅडम म्हणायच्या, मोठा आवाज सगळ्यात शेवटी, घाई करशील तर घागर परत येईल. तिनं आधी बाईच्या आवाजात ओरडायचा प्रयत्न केला. मी ऐकला. बारीक चिरका निघाला आणि फाटला. माईकमधून नुसती शिट्टी. बाहेर कुणी मान वळवली नाही.

धाकट्यानं कोयता पेलला.

मग तिनं गळा सोडला. चौदा महिने वर धरलेलं ते हाड एका क्षणात खाली सोडलं आणि बापाच्या आवाजात, छातीच्या तळातून, माईकमध्ये गरजली, "हात खाली! कोयता टाक, नाहीतर फाडीन!"

स्टँडवरच्या चारही भोंग्यांतून तो आवाज सुटला. धाकटा गारठला. वळून बघतो तर साडी, केसांत मल्ली. एक क्षण. तेवढ्यात मी पायानं त्याचा घोटा ओढला, बाहेरून हमाल घुसले. पडता पडता त्यानं कोयता फिरवला, तो अमुदाच्या गालावरून गेला. मल्लीची फुलं लाल झाली. हमालांनी त्याला तुडवलं. अंदोणी तोंड धरून ओरडत होता, "एले, हा बाप्या आहे! साडीतला बाप्या!"

पन्नास माणसांनी ऐकलं. अमुदा गाल धरून उभी होती. रक्तापेक्षा तिला ते पन्नास चेहरे जास्त लागत होते. मी ओळखतो ते तोंड, रेशनच्या रांगेनंतरचं.

एवढ्यात गर्दी फोडत आरोक्यम आली. भाऊ कोयते घेऊन गेलेत कळल्यावर धावत आली होती. आल्या आल्या तिनं अंदोणीच्या मोडक्या नाकावरच एक ठेवून दिली. "मी सांगितलं होतं माणसं कापा म्हणून? बाप्या कुणाला म्हणतोस? मला रोज पाच जण सर म्हणतात, म्हणून मी बाप्या झाले?" मग अमुदाकडे वळली. "आणि तू गं? तोंडात जीभ नव्हती? एक शब्द विचारायचा होता ना! माझी रात्र नरकात गेली."

अमुदा म्हणाली, "चुकलं माझं." आवाज निघालाच नाही नीट, घरघर नुसती.

आरोक्यमनं आपला पदर फाडून तिच्या गालावर दाबला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि बाई अजून शिव्याच देत होती.

मला एकोणीस टाके, तिला अकरा. पोलीस आले, दोघा भावांना घेऊन गेले. इसक्कीराजाच्या कानाचा पडदा फाटला होता. तो दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाला, "हिचा हिशोब करून हिला घरी कशी पाठवू? हिनं भोंगा केला नसता तर आज तिरडी बांधत बसला असता तुम्ही." मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ओरडून घसा सुजलाय. थोडं बोल, कुजबुजू नकोस, वाफ घे, वर न्यायची जबरदस्ती करू नकोस. जे निघेल ते निघू दे. महिनाभरात परत येईल.

मी म्हटलं, "महिनाभर घरी बस मग. या आवाजात गेलीस तर प्रत्येक जण सर म्हणेल. आणि माझा एकच हात चालू आहे."

तिनं वाफेसाठी पातेल्यात पाणी चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती गालावर पट्टी घेऊन ऑफिसात गेली. मी मागोमाग, हात गळ्यात बांधून. दरवाज्याला पुठ्ठा लावला होता. बाहेर हमाल बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी ओळखही दाखवली नाही. फोन वाजला. तिनं श्वास घेतला, हाड वर न्यायचा प्रयत्न केला, घसा दुखला, तिनं सोडून दिलं.

"हॅलो, बुकिंग," जाड, घोगरा आवाज.

पलीकडून गड्याचा आवाज, मलाही ऐकू येत होता. "सर, शुक्रवारची कोइम्बतूर."

माझी चांगली मूठ आवळली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"सर नाही. अक्का म्हणा," ती म्हणाली. "नाव सांगा. आणि सीट बाईची की पुरुषाची?"

मग तो म्हणाला, "बरं अक्का. बायकोसाठी आहे. खिडकीची द्या."

तिनं बाई लिहिलं, खिडकी लिहिलं, आणि फोन ठेवायच्या आत दुसरा वाजायला लागला.